खाती एकत्र करण्याचा बँकेचा हक्क कुठपर्यंत?

समजा, एका खातेदाराच्या बचत खात्यात ४०,००० रुपये आहेत आणि त्याच बँकेतल्या कर्जाचे १५,००० रुपयांचे हप्ते थकलेत. बँक तेवढे १५,००० वळते करून घेऊ शकते. पुढच्या हप्त्यांसाठी उरलेल्या २५,०००ला मात्र हात लावता येत नाही. ते देणं अजून देय झालेलं नाही. त्यासाठी आधी सगळं कर्ज रीतसर परत मागावं लागतं.

आता तेच पैसे नवरा-बायकोच्या संयुक्त खात्यात असले तर? कर्ज एकट्याचं, ठेव दोघांची. दोघांनी तसं लिहून दिलं नसेल, तर वजावट चालत नाही. मुलाचे पालक म्हणून उघडलेलं खातंही असंच सुटतं. म्हणून आपण कायम दोन प्रश्न विचारू: देणं देय झालंय का, आणि दोन्ही खात्यांत माणूस एकाच नात्याने उभा आहे का?