लग्नानंतरचं नाव : फोटोखालच्या दोन ओळी

लग्नानंतर आडनाव बदलायलाच हवं, असं आपला कायदा सांगत नाही. म्हणून फोटोखाली कारणं किंवा माफी नको, नुसती माहिती पुरते : ‘आमचं लग्न झालं, तुमचे आशीर्वाद असू द्या. माझं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव पूर्वीचंच राहील.’ मधलं नाव आवर्जून लिहावं, कारण महाराष्ट्रात लग्नानंतर तेही बदललं असं नातेवाईक गृहीत धरतात आणि पत्रिकेवर तसंच छापतात.

आडनाव बदलणार असाल, तर जुनंही सांगा : ‘यापुढे सासरचं आडनाव लावेन, ऑफिसचा ईमेल तूर्त जुन्याच नावाने आहे.’ आधार, पॅन, पासपोर्टवर नाव बदलेपर्यंत विमानाचं तिकीट मात्र ओळखपत्रावरच्याच नावाने काढायला सहकाऱ्यांना सांगावं.