मधल्या 14 महिन्यांचं काय सांगायचं?

आमच्या गटातल्या एका ताईंचा पापडाचा उद्योग बंद पडला. पुढे 14 महिने पगाराचं काम नव्हतं. मग तालुक्याच्या गावी मसाला कारखान्यात पॅकिंगवर देखरेखीची जागा निघाली. मुलाखतीआधी आम्ही गटात सराव घेतला. “मधले 14 महिने काय केलंत?” असं विचारताच ताई म्हणाल्या, “काय सांगू, दुकानदारांनी बुडवलं, पावसानं घात केला, घरचं कुणी मदतीला आलं नाही.” यात खोटं काहीच नव्हतं. पण ऐकणाऱ्याला ताईंचं काम दिसलं नाही, नुसती तक्रार ऐकू आली.

विचारणाऱ्याला तीन गोष्टी हव्या असतात: काय झालं, ते मिटलं का, आणि आता काय येतं. त्याच क्रमानं आम्ही उत्तर बसवलं:

“मी दोन वर्षं पापड केले. आठवड्याला 40 किलो माल जायचा. दुकानांना उधारीवर दिला, पण किती उधारी द्यायची हे मी ठरवलं नाही. 18 हजार अडकले, पुढच्या उडदाला पैसे उरले नाहीत, म्हणून काम थांबवलं. यंत्र विकून गटाचं कर्ज फेडलं. त्यानंतर शेतात मजुरी केली आणि गटाचा हिशोब लिहिला. वजन करणं, पाकीट बंद करणं, माल मोजून देणं मला येतं.”

पाऊस होताच, दुकानदारही चुकलेच. पण आपल्या हातातली चूक एका वाक्यात सांगितली की दुसऱ्याला दोष द्यावा लागत नाही. “मी मूर्खच” असंही म्हणायचं नाही. चूक सांगायची आणि पुढे जायचं.

कारखान्यातून कमी केलं असेल, तर आणखी सोपं. “ऑर्डरी घटल्या, आमच्या पाळीतल्या बायकांना कमी केलं,” एवढं पुरे. कामाचा दाखला सोबत ठेवा. मालकाचा राग तिथे काढू नका. ऐकणाऱ्याला वाटतं, उद्या ही आपल्याबद्दलही असंच बोलेल. तारखा मात्र ओढूनताणून जुळवू नका. पुढच्याच प्रश्नाला अडखळायला होतं.

उत्तर बिघडतंय हे कसं ओळखायचं? मैत्रिणीला घड्याळ घेऊन बसवा. मिनिटापेक्षा जास्त लागलं, किंवा दुसऱ्यांची नावं यायला लागली, तर पुन्हा बसवा. ताईंना चौथ्या खेपेला जमलं.

मुलाखतीत त्यांनी गटाचा कर्ज फिटल्याचा दाखला पुढे ठेवला. “पुन्हा उद्योग काढून निघून जाल का?” असं विचारलं. ताई म्हणाल्या, “सध्या मला दरमहा ठरलेला पगार हवा आहे.” तेही खरंच होतं. पुढचा प्रश्न आला, “तासाला किती पाकिटं भरून होतात?” म्हणजे बोलणं मागच्या 14 महिन्यांवरून कामावर आलं होतं.

येत्या बैठकीत दोघीदोघी समोरासमोर बसून हा सराव करून पाहा.