अक्षरांखाली चित्र नसते

जपानी मांगा कॉमिक्समध्ये आवाजही चित्रासारखा काढलेला असतो. संवाद फुग्यात असतात, पण धडक, गडगडाट, पावलांचा आवाज हे सारे चित्रकार जाड अक्षरांत थेट चित्रावरच रंगवतो. ‘गोगोगो’ ही अक्षरे दिसली की वाचकाला खोल घरघर किंवा येऊ घातलेले संकट जाणवते. ‘शीऽन’ हा शब्द तर निःशब्दतेचा ‘आवाज’ आहे. मांगाचे भाषांतर करताना फुग्यातला मजकूर बदलणे सोपे असते, कारण फुगा आतून पांढराच असतो. ध्वनिशब्द पुसले की मात्र चित्रात भोक पडते आणि ते नव्याने चित्र काढूनच बुजवावे लागते. या कामाला रीड्रॉइंग म्हणतात.

कागदावर काढलेल्या जुन्या मांगात अक्षरे आणि चित्र एकाच पानावर, एकाच शाईत असतात. चित्रकार बहुधा अक्षरांची जागा आधी ठरवतो आणि रेषा त्यांच्या कडेपर्यंत आणून थांबवतो. त्यामुळे अक्षराखाली काही झाकलेले नसते, तिथे चित्र काढलेलेच नसते. संगणकावर काढलेल्या पानांत अक्षरे वेगळ्या लेयरवर असू शकतात. प्रकाशकाकडून तशी फाइल मिळाली तर तो लेयर बंद करून भागते. छापील पान स्कॅन करून काम करायचे असेल, तर नसलेले चित्र आजूबाजूच्या खुणांवरून ताडावे लागते.

एक काल्पनिक चौकट घेऊन हे पाहता येईल. गणवेशातला एक विद्यार्थी उभा आहे. त्याच्यामागे एका बिंदूकडे धावणाऱ्या बारीक रेषा आहेत. डाव्या बाजूने ‘गो’ हे अक्षर तीनदा खाली उतरते: पहिले पार्श्वभूमीवर, दुसरे अर्धे खांद्यावर, तिसरे राखाडी बाहीवर. त्याजागी इंग्रजी शब्द आडवा बसवायचा आहे.

पहिले काम पान सरळ करण्याचे. स्कॅन तिरका असेल तर तो आधीच फिरवून घ्यावा लागतो, आणि काळा भाग पुरता काळा व कागद पुरता पांढरा होईल अशी पातळी लावावी लागते. त्यानंतर पुसण्याआधी नवा शब्द कच्चा मांडून पाहतात. जपानी अक्षरे एकाखाली एक आणि इंग्रजी शब्द आडवा, त्यामुळे जुन्या अक्षरांची सगळी जागा नव्या शब्दाखाली जात नाही. जी उघडी पडते तेवढीच काढायची. या चौकटीत पहिले अक्षर नव्या शब्दाखाली लपते, खांदा आणि बाही मात्र उघडी राहते.

मग रेषा. मागच्या धावत्या रेषांसाठी अखंड दिसणाऱ्या दोन-तीन रेषा सरळ वाढवून त्या कुठे मिळतात ते शोधतात. तो बिंदू सापडला की प्रत्येक नवी रेषा तिथूनच आखायची. रेषा एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला निमुळती असते. ही जाडी चुकली, तर दिशा बरोबर असूनही ती रेषा उपरी वाटते. खांद्याच्या कडेला असा नियम नसतो. तिथे तुटलेल्या रेषेची दोन्ही टोके पाहून वळण जोडतात आणि शिवण किंवा घडी कशी असावी ते त्याच पात्राच्या दुसऱ्या चौकटीतून ठरवतात.

सर्वांत अवघड भाग बाहीचा. लांबून ती राखाडी दिसते, पण तिथे राखाडी शाई नसते, काळ्या ठिपक्यांची जाळी असते. तिला स्क्रीनटोन म्हणतात. पूर्वी हे ठिपके चिकट पारदर्शक पत्र्यावर छापून मिळत आणि चित्रकार पत्रा कापून कागदावर चिकटवत असे. ठिपक्यांच्या रांगा सहसा ४५ अंशांत तिरक्या असतात. ठिपके मोठे असले तर छटा गडद, लहान असले तर फिकी. ब्रशने राखाडी रंग भरला तर तो छपाईत शेजारच्या ठिपक्यांशी जुळत नाही आणि डागासारखा उठून दिसतो.

म्हणून शेजारचे ठिपकेच उचलून आणावे लागतात. फोटोशॉपमध्ये त्यासाठी क्लोन स्टँप वापरतात. मात्र उचललेला तुकडा जुन्या जाळीवर नेमका बसला पाहिजे. समजा, स्कॅनमध्ये तिरक्या रांगांचे अंतर १० पिक्सेल आहे. मग आडव्या दिशेने तोच नमुना दर १४.१४ पिक्सेलवर पुन्हा येतो. तुकडा १४ पिक्सेल सरकवला तर चूक किंचितच असते, पण तसाच पुढेपुढे सरकवत गेले तर दहा वेळांत ती दीड पिक्सेलच्या जवळ जाते. एकदम ९९ पिक्सेल सरकवले तर सात आवृत्त्या पुऱ्या होतात आणि ठिपका जवळपास ठिपक्यावरच बसतो. हे अंतर टोनच्या पत्र्यावरच्या आकड्यावरून न घेता स्कॅनवरच मोजावे लागते, कारण छपाईत मूळ चित्र लहान केलेले असते आणि जाळीही तितकीच बारीक झालेली असते. छटा हळूहळू बदलत असेल, तर तुकडा तेवढ्याच गडदपणाच्या जागेवरून घ्यावा लागतो.

चुका ओळखण्याच्या काही खुणा आहेत. जोडावर ठिपके एकमेकांना चिकटले तर काळी शिवण दिसते, दूर राहिले तर पांढरी. या शिवणी जवळून दिसत नाहीत. पान छापील आकाराएवढे लहान केले की उमटतात. एकच ओरखडा तीन ठिकाणी दिसला, तर तोच तुकडा पुन्हापुन्हा उचलला गेला असे समजावे. पान आरशासारखे उलटे करून पाहिले की रेषेचे चुकलेले वळण पटकन लक्षात येते. सगळे झाल्यावर पान फिरवले किंवा आकार बेताल बदलला, तर ठिपक्यांवर लाटांसारखे पट्टे उमटतात. त्यांना मॉइरे म्हणतात. पान सरळ करण्याचे काम सुरुवातीलाच करण्याचे कारण हेच. स्कॅन फार लहान असेल तर ठिपके आधीच विरघळून राखाडी झालेले असतात, आणि मग जुळवायला जाळीच उरत नाही.

या कामाला मर्यादाही आहे. दोन पानभर पसरलेल्या गर्दीवर किंवा मोडक्या इमारतींवर मोठी अक्षरे असतील, तर पुसल्यानंतरचे चित्र मूळ चित्रकाराऐवजी दुसऱ्याच कोणाच्या हातचे होते. म्हणून अनेक प्रकाशक मूळ अक्षरे तशीच ठेवून शेजारी लहान अक्षरांत अर्थ देतात किंवा शेवटी यादी जोडतात. कात्सुहिरो ओतोमो यांच्या ‘अकिरा’मध्ये दोन्ही पद्धती दिसतात. १९८८पासून अमेरिकेत निघालेल्या एपिक कॉमिक्सच्या आवृत्तीत पाने डावीकडून वाचता यावीत म्हणून उलटवली होती, स्टीव्ह ऑलिफ यांनी ती रंगवली होती आणि ध्वनिशब्द इंग्रजी केले होते. २०१७च्या कोदान्शाच्या संचात पाने पुन्हा मूळ दिशेने आली आणि जपानी ध्वनिशब्द चित्रावर जसेच्या तसे राहिले.