उत्तर हीच किल्ली : शाळेतील शोधखेळाची रचना

शोधखेळ या नावाने जो खेळ अनेक शाळांतून स्नेहसंमेलनाच्या किंवा सहलीच्या निमित्ताने घेतला जातो, त्याचे स्वरूप सर्वांच्या परिचयाचे आहे. पहिल्या चिठ्ठीतील कोडे सोडवावे, त्याच्या उत्तराने दुसरी चिठ्ठी मिळवावी आणि असे करीत शेवटच्या पेटीपर्यंत पोहोचावे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांची अशीच एक मोठी कोडी-स्पर्धा १९८१ सालापासून चालत आली आहे. आणि बंद खोलीतील कोडी सोडवून बाहेर पडण्याचा जो खेळ आज शहरांतून पैसे देऊन खेळला जातो, त्याचा आरंभ जपानमध्ये क्योटो येथे ताकाओ काटो यांनी २००७ साली केला. या सर्वांचे मर्म एकच आहे. प्रत्येक उत्तर ही पुढील कुलपाची किल्ली असते. म्हणून किल्ली खोटी निघाली, किंवा एका कुलपास दोन किल्ल्या लागू पडल्या, तर मुलांचा काही दोष नसता खेळ अडून बसतो. असे कोठे घडते व ते कसे टाळावे, हे इयत्ता पाचवीच्या चोवीस मुलांसाठी रचलेल्या एका चार चिठ्ठ्यांच्या खेळावरून पाहणे सोयीचे होईल. मुलांचे सहा गट असून प्रत्येक गटात चार मुले आहेत, आणि शेवटी तीन आकडी कुलूप लावलेली एक पत्र्याची पेटी आहे.

पहिली चिठ्ठी अक्षरांची आहे. तीत लिहिले आहे : "कमळ हा शब्द १, २५, ३४ असा लिहिला, तर २९, १३ हा शब्द कोणता?" व्यंजने क पासून क्रमाने मोजली, तर व एकोणतिसावे आणि ड तेरावे येते, उत्तर 'वड'. या चिठ्ठीत कमळाचे उदाहरण केवळ शोभेसाठी घातलेले नाही. पुष्कळ मुले वर्णमाला म्हणताना ङ आणि ञ गाळतात, तर काही मुले अ पासून मोजू लागतात. उदाहरण नसते तर या साऱ्या पद्धती सारख्याच योग्य ठरल्या असत्या. उदाहरण दिल्यामुळे ङ, ञ गाळणाऱ्या मुलास म हे अक्षर तेविसावे मिळते, पंचविसावे मिळत नाही, आणि आपली मोजणी चुकल्याचे उत्तर देण्यापूर्वीच त्याच्या ध्यानात येते. तरीही तो तसाच पुढे गेला, तर त्याच्या हाती 'षण' असा शब्द पडतो. असा शब्दच नसल्यामुळे तो आपण होऊन मागे फिरतो. शब्द मुद्दाम काना-मात्रा-वेलांटीविरहित निवडला आहे, कारण स्वरचिन्हे आकड्यांत कशी लिहावयाची हा नवा घोळ पाचवीच्या मुलांपुढे आणण्याचे कारण नाही.

यातून जी गोष्ट हाती येते ती साऱ्या रचनेत महत्त्वाची आहे. उत्तर बरोबर आहे की नाही हे मुलास ते उत्तर वापरण्यापूर्वी कळले पाहिजे. शब्दरूप उत्तर हे काम आपोआप करते. वर सांगितलेल्या अमेरिकन स्पर्धेतही उत्तर बहुधा शब्द किंवा शब्दसमूह असते. संख्यारूप उत्तरास ही सोय नाही. ४६ आणि ४८ या दोन्ही संख्या सारख्याच खऱ्या दिसतात.

दुसरी चिठ्ठी भिंतीवरील महाराष्ट्राच्या नकाशाची आहे. "गोदावरीच्या उगमाकडून खाली जाताना पुढील गावे ज्या क्रमाने लागतात, त्या क्रमाने त्यांच्यापुढील अक्षरे लिहा : नांदेड–ण, नाशिक–ब, पैठण–ट." क्रम नाशिक, पैठण, नांदेड असा असल्याने उत्तर 'बटण'. येथे संभाव्य चूक एकच, ती म्हणजे मुखाकडून उगमाकडे जाण्याची. तसे केल्यास 'णटब' मिळते, आणि ण ने आरंभ होणारा शब्द नसतो हे मुले जाणतात. आता याच चिठ्ठीत क, म, ल ही अक्षरे वापरली असती तर काय झाले असते? एका क्रमाने 'कमल' आणि दुसऱ्या क्रमाने 'कलम' असे दोन चांगले शब्द तयार झाले असते, आणि पैठण-नांदेडची अदलाबदल केलेला गट आपण बरोबर आहोत अशा खात्रीने चुकीचे उत्तर घेऊन आला असता. तीन अक्षरांचे सहाच क्रम होतात. ते सहाही कागदावर लिहून पाहावयास दोन मिनिटे लागतात. पण बहुतेक रचनाकार ती दोन मिनिटे देत नाहीत. या चिठ्ठीस लागणारी माहिती वर्गातील नकाशावर सर्वांपुढे आहे, हेही पाहावे. ज्या मुलाच्या घरी वर्तमानपत्र येते त्यालाच सुटेल असे कोडे या साखळीत नको.

उत्तर कसे स्वीकारावे, याची व्यवस्था येथेच सांगणे योग्य. पाकिटांवर उत्तरे लिहून ती टेबलावर उघडी मांडण्याची रीत आढळते. परंतु दोन अक्षरी पाकीट एकच असेल, तर मुलांना कोडे सोडवावेच लागत नाही. त्यापेक्षा गटाने उत्तर कागदाच्या तुकड्यावर लिहून शिक्षकांना दाखवावे, म्हणजे इतर गटांच्या कानीही ते पडत नाही. बरोबर असल्यास पुढील चिठ्ठी द्यावी. चुकले असल्यास "नाही" एवढेच सांगावे, आणि त्या गटाने पुन्हा येण्यापूर्वी दोन मिनिटे थांबावे. चुकीच्या उत्तराने दुसरीच एखादी खोटी चिठ्ठी देऊन मुलांना मैदानभर फिरविणे हा विनोद रचनाकारास रुचतो, मुलांस नव्हे.

तिसरी चिठ्ठी मोजणीची आहे : "व्हरांड्याकडील खिडक्यांचे सर्व गज मोजा." खिडक्या सहा असून प्रत्येकीस आठ गज, म्हणून शिक्षकांनी कार्यालयात बसूनच अठ्ठेचाळीस हे उत्तर योजिले. प्रत्यक्षात चौथ्या खिडकीचा एक गज कधीचाच निघालेला होता. एक खिडकी मोजून सहाने गुणणाऱ्या उतावीळ गटास अठ्ठेचाळीस मिळून तो पुढे गेला असता, आणि प्रत्येक गज हात लावून मोजणारा गट सत्तेचाळीस म्हणून परत पाठविला गेला असता. जो अधिक काळजीने काम करतो त्यालाच शिक्षा व्हावी, याहून अन्याय्य रचना नाही. म्हणून मोजणीचे उत्तर खेळाच्या दिवशी सकाळी जागेवर जाऊन पुन्हा मोजावे. येथे उत्तर ४७ ठरले, आणि चिठ्ठीत एक ओळ वाढविली : "उत्तरातील अंकांची बेरीज अकरा येते." एकाने कमी किंवा एकाने अधिक मोजणाऱ्याची चूक ही ओळ पकडते, ४६ ची बेरीज दहा, ४८ ची बारा. या सोयीची किंमतही आहे. उत्तर चाळीस ते पन्नासच्या दरम्यान आहे एवढे ज्याने हेरले, त्याला गज न मोजताही सत्तेचाळीस काढता येते. मोजणीत खऱ्या मुलांच्या चुका किती होतात हे पाहूनच ही ओळ ठेवावी की काढावी ते ठरवावे. ४८ घेऊन येणाऱ्या गटासाठी मात्र नुसत्या नकाराऐवजी "प्रत्येक खिडकी निराळी पाहा" असे उत्तर आधीच लिहून ठेवावे. तो गट उत्तराच्या अगदी जवळ असतो.

शेवटचे कुलूप तीन चाकांचे आहे. त्यावर ००० पासून ९९९ पर्यंत एक हजार संख्या संभवतात. एका संख्येस तीन सेकंद धरले, तरी सर्व फिरवून पाहण्यास पन्नास मिनिटे लागतील. एवढ्यावरून कुलूप सुरक्षित आहे असे वाटते. परंतु पुष्कळदा कुलपाचा एकेक अंक एकेका चिठ्ठीतून दिला जातो, आणि तेथेच ही सुरक्षितता संपते. दोन अंक जागेसह कळले की तिसऱ्यासाठी केवळ दहा प्रयत्न उरतात, म्हणजे अर्ध्या मिनिटाचे काम. तिसरी चिठ्ठी मग कोणी वाचीतही नाही. म्हणून तिन्ही अंक एकाच, अखेरच्या चिठ्ठीतून एकदम निघावेत.

अखेरची चिठ्ठी प्रथम अशी होती : "तीन अंकी संख्या. तिला सात व नऊ यांनी निःशेष भाग जातो. एककस्थानी पाच आहे." रचनाकाराच्या मनात ३१५ ही संख्या होती आणि तिन्ही अटी तिला लागू पडतात. पण त्या ९४५ लाही लागू पडतात. आपले उत्तर अटींत बसते एवढे पडताळून रचनाकार थांबतो. दुसरे कोणते उत्तर बसत नाही ना, हे पाहण्याचे त्याला सुचत नाही, कारण त्याला उत्तर आधीच ठाऊक असते. सुधारलेली चिठ्ठी अशी : "तीन अंकी संख्या. एककस्थानी पाच. अंकांची बेरीज नऊ. सातने निःशेष भाग जातो." पहिल्या दोन अटींनी १३५, २२५, ३१५ आणि ४०५ या चारच संख्या उरतात, आणि त्यांपैकी केवळ ३१५ ला सातने भाग जातो. पाचवीचा मुलगा ही यादी स्वतः करू शकतो. एखाद्या गटाने भागाकार टाळून चारही संख्या कुलपावर लावून पाहिल्या, तर फारसे बिघडत नाही. बहुतेक काम त्याने केलेलेच असते. प्रत्येक गटाने पेटी उघडल्यावर ती पुन्हा बंद करून चाके फिरवून ठेवण्यास मात्र विसरू नये.

अडलेल्या गटास मदत करताना शिक्षकांचा कल नकळत एखाद्या गटाकडे झुकतो. म्हणून प्रत्येक चिठ्ठीसाठी तीन सूचना आधीच लिहून ठेवाव्यात : पहिली कोठे पाहावे ते सांगणारी, दुसरी रीत सांगणारी, तिसरी उत्तरच देणारी. आठ मिनिटे झाली की पहिली द्यावी, आणि शब्द सर्व गटांना तेच असावेत.

हे सारे कागदावर उतरले तरी खेळ तयार झाला असे होत नाही. ज्यांनी तो पाहिलेला नाही अशा सहावीच्या चार मुलांकडून तो एकदा सोडवून घ्यावा, आणि रचनाकाराने जवळ बसून एक शब्दही न बोलता केवळ टिपून घ्यावे. मुले काही लिहीत नाहीत, चिठ्ठी उलटसुलट करून पाहतात, असे दिसले तर कोठून आरंभ करावा हे चिठ्ठी सांगत नाही असे समजावे. मुले उत्साहाने काम करतात पण निराळेच उत्तर आणतात, असे दिसले तर त्यांची रीत विचारून घ्यावी. ती चिठ्ठीच्या शब्दांत बसत असेल, तर दोष चिठ्ठीचा आहे. गजांची चूक आणि ९४५ चे दुसरे उत्तर या दोन्ही गोष्टी बहुधा अशाच चाचणीत उघडकीस येतात. दुरुस्त केलेली चिठ्ठी पुन्हा तपासावयाची असेल, तेव्हा दुसरी चार मुले घ्यावीत, कारण पहिल्या चौघांना आता उत्तर ठाऊक आहे.