परवानगी मागताना आधी नियम लिहा

शाळेत इलेक्ट्रॉनिक्सचं मंडळ काढायचं म्हटलं की मुलं पत्र लिहितात आणि त्यात उत्साहाने यादी देतात: आपोआप लागणारे दिवे, मोबाइलवरून चालणारा पंखा, आवाजाने उघडणारं दार. मुख्याध्यापक ती यादी वाचतात आणि त्यांच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो, एखाद्या मुलाला शॉक बसला तर? पत्रात त्याचं उत्तर नसेल, तर ‘पुढच्या वर्षी बघू’ असा शेरा पडतो. त्यात मुख्याध्यापकांची चूक नाही. शाळेच्या आवारात जे घडेल त्याचा जाब पालक त्यांनाच विचारणार.

म्हणून होम ऑटोमेशनच्या मंडळासाठीचं पत्र उलट्या क्रमाने लिहावं. काय करणार नाही ते आधी, काय करणार ते नंतर. आणि ‘सर्व सुरक्षिततेची काळजी घेतली जाईल’ हे वाक्य पत्रात नकोच, कारण ते कोणालाच तपासता येत नाही. सुरुवात अशी करता येईल:

‘मा. मुख्याध्यापक यांस. विषय: शाळेत घरगुती स्वयंचलन मंडळ सुरू करण्यास परवानगी मिळण्याबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून नम्र विनंती की, इयत्ता आठवी व नववीच्या विद्यार्थ्यांना विज्ञान शिक्षकांच्या देखरेखीखाली दर शनिवारी एक तास प्रयोगशाळा वापरण्याची परवानगी द्यावी. मंडळाचे कोणतेही काम भिंतीतील २३० व्होल्टच्या विजेला जोडले जाणार नाही. सर्व प्रकल्प ५ व्होल्टवर चालतील.’

शेवटची दोन वाक्यं हा या पत्राचा कणा आहे. ही रेघ नेमकी इथेच का मारायची, हे पत्र लिहिणाऱ्या मुलांना स्वतःला नीट कळलेलं असावं, कारण मुख्याध्यापक तेच विचारतील.

घामट किंवा ओल्या हातांनी माणसाच्या शरीराचा विजेला होणारा विरोध ढोबळमानाने हजार ओहमच्या आसपास धरतात. २३० व्होल्टला तो भागला की २३० मिलिअँपिअर येतात. घरात माणसाला शॉकपासून वाचवण्यासाठी जो आरसीसीबी बसवतात, तो ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडतो. म्हणजे धोक्याची जी पातळी त्या उपकरणाने धरली आहे, तिच्या सातपटींहून जास्त प्रवाह शरीरातून जाऊ शकतो. ‘पण आमच्याकडे एमसीबी आहे’ असं बरेच जण सांगतात. एमसीबी वायर तापून आग लागू नये म्हणून असतो. तो ६, १० किंवा १६ अँपिअरचा असतो आणि पाव अँपिअरची त्याला दखलही नसते. माणूस चिकटलेला असतानाही तो खाली पडत नाही. हेच गणित ५ व्होल्टवर केलं तर उत्तर येतं ५ मिलिअँपिअर. कोरड्या त्वचेचा विरोध यापेक्षा बराच जास्त असल्यामुळे प्रत्यक्षात हाताला काही जाणवतही नाही.

इथे कोणीतरी रिले बोर्डाचं नाव काढतंच. बाजारात मिळणारी ती छोटी निळी डबी ५ व्होल्टच्या इशाऱ्यावर मोठा भार चालू-बंद करते आणि तिच्यावर ‘10A 250VAC’ असं छापलेलंही असतं. मग मोटर थेट का जोडू नये? एक कारण बोर्ड उलटा केला की दिसतं. २३० व्होल्टचे टाके उघडे असतात आणि ५ व्होल्टची बाजू तिथून काही मिलिमीटरवर असते. टेबलावर पडलेला वायरचा एक तुकडा ते अंतर मिटवू शकतो. दुसरं कारण मोटरच्या स्वभावात आहे. तो १० अँपिअरचा आकडा हीटरसारख्या साध्या भारासाठी असतो. पाण्याची मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. त्या ठिणगीने रिलेतले संपर्क वितळून एकमेकांना चिकटतात. मग बोर्डावरचा लाल दिवा विझतो, प्रोग्राम ‘मोटर बंद’ म्हणतो आणि मोटर मात्र चालूच राहते. टाकी वाहते, आणि खालची टाकी रिकामी झाली तर मोटर कोरडी फिरून जळते. मोटर चालवायला त्यासाठीच बनवलेला स्टार्टर किंवा कॉन्टॅक्टर लागतो, आणि तो बसवणं परवानाधारक वायरमनचं काम आहे.

म्हणून मंडळाच्या पहिल्या सत्राचा प्रकल्प एकच ठेवावा आणि पत्राला जोडून तो पूर्ण मांडून द्यावा. माझी निवड म्हणजे वरची टाकी भरली की खाली वाजणारी घंटा. ही अडचण प्रत्येक घराला माहीत आहे. मोटर माणूसच बंद करतो, मंडळ फक्त त्याला वेळेवर कळवतं. त्यामुळे २३० व्होल्टशी संबंधच येत नाही. एक अर्डुइनो उनो बोर्ड, एक फ्लोट स्विच, एक ५ व्होल्टचा बझर, एक हिरवा एलईडी आणि मोबाइलचा चांगला चार्जर, एवढंच साहित्य. इंटरनेट नाही, ॲप नाही, पासवर्ड नाही.

फ्लोट स्विच म्हणजे एका दांडीवर वर-खाली होणारा पोकळ गोळा. गोळ्यात चुंबक असतं, दांडीत काचेच्या नळीतला बारीक स्विच. पाण्याने गोळा उचलला की चुंबक जवळ येऊन स्विचची स्थिती बदलते. मुलांना सहज सुचणारी जोडणी अशी: टाकी भरली की स्विच जोडला जावा आणि बझर वाजावा. ती चालते, पहिल्या दिवशी टाळ्याही मिळतात. मग उन्हापावसाने गच्चीवरची वायर तुटते. आता टाकी भरली तरी खाली काहीच कळत नाही, आणि सगळे घंटेच्या भरवशावर निर्धास्त बसलेले असतात. यापेक्षा घंटा नसलेली बरी, कारण तेव्हा निदान लक्ष तरी असतं.

उपाय जोडणी उलटवण्यात आहे. टाकी रिकामी असताना स्विच जोडलेला आणि भरली की तुटलेला, अशी रचना करायची. बऱ्याच फ्लोट स्विचमध्ये टोकाची क्लिप काढून गोळा उलटा बसवला की हे साधतं. आता बोर्ड सतत विचारत असतो, ‘जोडलेलं आहे ना?’ नसेल तर वाजतो. टाकी भरली तरी वाजतो आणि वायर तुटली तरी वाजतो. पैशाचाही जादा खर्च न होता बिघाड स्वतःहून ओरडून सांगतो. मुख्याध्यापकांसमोर हा प्रयोग बादलीत करून दाखवता येतो: गोळा पाण्यात उचलून एकदा वाजवायचं आणि वायर उपसून दुसऱ्यांदा.

या घंटेच्या मर्यादाही पत्रात लिहाव्यात. उंदराने कुरतडून दोन्ही तारा एकमेकींना टेकल्या तर बोर्डाला सगळं ठीकच वाटेल. म्हणून महिन्यातून एकदा टाकी पूर्ण भरू देऊन घंटा वाजते का ते पाहायचं आणि वहीत तारीख लिहायची. वीज गेली तर घंटाही बंद पडते, पण मग मोटरही बंद असते. खरा धोका फक्त चार्जर बिघडल्याचा, आणि त्यासाठीच तो हिरवा एलईडी आहे. मोटर लावण्याआधी हिरवा दिवा दिसला नाही, तर घंटेवर विसंबायचं नाही. आणखी एक खोड पहिल्याच चाचणीत दिसेल. पाइपमधून पाणी कोसळत असतं, लाटांवर गोळा नाचतो आणि बझर तुटक तुटक टिवटिवतो. स्विच सलग ३ सेकंद तुटलेला राहिला तरच वाजवायचं, एवढी अट प्रोग्राममध्ये घातली की हे थांबतं.

हे सगळं समजल्यावर नियम आपोआप ठरतात. पत्रात ते असे लिहावेत, म्हणजे कोणालाही प्रयोगशाळेत डोकावून तपासता येतील:

१. ५ व्होल्टपेक्षा जास्त दाबाचे काहीही टेबलावर येणार नाही. बीआयएसची खूण व नोंदणी क्रमांक असलेलाच चार्जर वापरला जाईल. तो शिक्षक प्लगला लावतील व काढतील. चार्जर कोणीही उघडणार नाही.

२. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणल्या जाणार नाहीत.

३. सोल्डरिंग फक्त शिक्षक समोर असताना, डोळ्यांना चष्मा लावून आणि खिडक्या उघड्या ठेवून होईल. त्यानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय कोणी डबा उघडणार नाही.

४. विद्यार्थी टाकीवर किंवा शिडीवर चढणार नाहीत. चाचणी बादलीत होईल. टाकीवर फ्लोट बसवण्याचे काम प्रौढ व्यक्ती करील.

५. आमची वायर मोटरच्या वायरसोबत एका पाइपमधून नेली जाणार नाही.

६. कॅमेरा व मायक्रोफोन असलेला कोणताही प्रकल्प केला जाणार नाही.

७. नियम मोडल्यास त्या दिवसाचे काम तिथेच थांबेल. मंडळ बंद करण्याचा अधिकार शिक्षकांना व मुख्याध्यापकांना कधीही राहील.

चौथा नियम अनेकांना अनपेक्षित वाटतो, पण या प्रकल्पात सर्वांत मोठा धोका विजेचा नसून गच्चीवरून पडण्याचा आहे. पाचव्या नियमाचं कारण असं की एका पाइपमध्ये मोटरच्या वायरचं आवरण झिजलं, तर २३० व्होल्ट थेट आपल्या ५ व्होल्टच्या खेळात उतरतात. सहाव्या नियमामागे खासगीपण आहे. घरातला कॅमेरा घरच्यांना आणि शेजाऱ्यांनाही टिपतो. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलं आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येणारी संमती मागितली आहे. शाळेने त्या भानगडीत पडायची गरज नाही.

पत्राच्या शेवटी तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात. पहिली, जबाबदार शिक्षक कोण, आणि ते रजेवर असतील त्या शनिवारी मंडळ भरणार नाही. दुसरी, पालकांचं संमतिपत्र, ज्यात वरचे सातही नियम छापलेले असतील. तिसरी, साहित्य. शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर असे बोर्ड तिथे आधीच असतात. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने सहावी ते बारावीच्या मुलांसाठी या लॅब २०१६ पासून उभ्या केल्या आहेत. लॅब नसेल तरी सुरुवातीला एकच संच पुरतो.

आणि परवानगी कायमची मागू नये, एका सत्राची मागावी. सत्र संपताना बादलीतला प्रयोग आणि चाचण्यांची वही मुख्याध्यापकांसमोर ठेवावी आणि पुढच्या सत्राची परवानगी त्या वहीच्या आधारे मागावी. तुमच्या घरातलं मूल असं पत्र लिहायला बसलं, तर त्याला एवढंच विचारा: यातला प्रत्येक नियम पाळला जातोय की नाही, हे मुख्याध्यापकांना दारात उभं राहून पाहता येईल का? येत असेल तर पत्र द्यायला हरकत नाही. येत नसेल तर तो नियम पुन्हा लिहायला सांगा.