सरासरी वाढली, वेळ मात्र घटला

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७७ मध्ये बाजारात आणलेला वॅक्स ११/७८० हा संगणक 'एक मिप्स'चा, म्हणजे सेकंदाला दहा लाख सूचना पार पाडणारा, म्हणून ओळखला जाई. जोएल एमर आणि डग्लस क्लार्क यांनी प्रत्यक्ष कामात असलेल्या यंत्रांची मोजणी केली आणि १९८४ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यात एका सूचनेला सरासरी १०.६ सायकली लागत असल्याचे दिसले. या यंत्राची एक सायकल २०० नॅनोसेकंदांची, म्हणजे एक सूचना सुमारे २.१ मायक्रोसेकंदांची. हिशेब सेकंदाला पावणेपाच लाखांच्या आसपास जातो, लौकिकाच्या निम्म्याहूनही थोडा खाली.

हा १०.६ चा आकडा म्हणजे सीपीआय, दर सूचनेमागे लागणाऱ्या सायकली. प्रोसेसरच्या सगळ्या सूचना सारख्या खर्चिक नसतात. दोन संख्यांची बेरीज झटकन होते, मेमरीतून आकडा आणायला जास्त सायकली जातात. म्हणून सरासरी काढताना कोणत्या प्रकारच्या सूचना किती वेळा चालल्या, हे आधी पाहावे लागते. किलोभर चिवड्याचा भाव काढताना पोहे आणि काजू यांच्या भावांची बेरीज करून दोनाने भागत नाहीत, तसेच इथे.

समजा, एक प्रोग्राम चालताना एकूण १०० कोटी सूचना पार पडतात. त्यांतल्या ५० टक्के अंकगणिताच्या, प्रत्येकी १ सायकल. २० टक्के मेमरीतून वाचण्याच्या, प्रत्येकी ५. १० टक्के मेमरीत लिहिण्याच्या, प्रत्येकी ३. उरलेल्या २० टक्के उडी मारण्याच्या, म्हणजे ब्रँच, प्रत्येकी २. प्रत्येक वाटा त्याच्या सायकलींनी गुणायचा आणि बेरीज करायची:

```
CPI  = 0.5*1 + 0.2*5 + 0.1*3 + 0.2*2 = 2.2
Time = instructions * CPI / clock rate
     = 10^9 * 2.2 / (2*10^9) = 1.1 s
```

इथे प्रोसेसरचा वेग २ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २०० कोटी सायकली, धरला आहे. १, ५, ३, २ यांची सरळ सरासरी घेतली असती तर २.७५ आले असते आणि वेळ पाव सेकंदाहून अधिक फुगला असता. बेरजेतले पद अन् पद पाहिले की आणखी एक गोष्ट कळते: वाचनाच्या सूचना संख्येने पाचव्या हिश्शाच्या, पण २.२ पैकी पूर्ण १.० त्यांचे.

आता खरी गंमत. कंपायलर सुधारला आणि त्याने अंकगणिताच्या निम्म्या सूचना, म्हणजे २५ कोटी, अनावश्यक ठरवून काढून टाकल्या. बाकी काहीच बदलले नाही. सायकली २२० कोटींवरून १९५ कोटींवर आल्या, सूचना ७५ कोटी उरल्या. भागाकार केला की सीपीआय २.६ येतो. म्हणजे तो वाढला! तरी वेळ १.१ सेकंदांवरून ०.९७५ सेकंदांवर उतरला. स्वस्त सूचना गेल्या, महागड्या राहिल्या, म्हणून सरासरी चढली. मिप्सच्या फूटपट्टीने तर नवा प्रोग्राम चक्क मंद ठरतो: आधी ९०९, आता ७६९. दोन प्रोग्रामांच्या नुसत्या सीपीआयची तुलना करणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही, तो याचमुळे.

विद्यार्थी नेमके इथेच घसरतात. अंकगणिताचा वाटा ५० वरून २५ टक्के करायचा आणि इतर वाटे तसेच ठेवायचे, मग येणाऱ्या १.९५ ला ७५ कोटींनी गुणायचे. उत्तर येते ०.७३ सेकंद. उत्तर पटण्याजोगे दिसते, पण वाट्यांची बेरीज ७५ टक्केच भरते. एकूण बदलले की सगळे वाटे नव्याने काढावे लागतात. टक्केवारीऐवजी कोटींमध्येच सूचना आणि सायकली मोजल्या तर ही चूक होतच नाही.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. 'वाचनाला ५ सायकली' ही पक्की किंमत फक्त कागदावर असते. आजच्या प्रोसेसरात हवा तो आकडा जवळच्या कॅशमध्ये सापडला तर चार-पाच सायकली पुरतात, मुख्य मेमरीपर्यंत जावे लागले तर शेकडो जातात. उलट एका सायकलीत अनेक सूचनाही उरकतात, त्यामुळे सीपीआय १ च्या खालीही जातो. म्हणून सरासरी किंमत वर्गवारीवरून काढण्याऐवजी मोजतात. लिनक्सवर `perf stat` ही आज्ञा चाललेल्या सायकली आणि सूचना दोन्ही दाखवते, मात्र शेजारचा `insn per cycle` हा आकडा सीपीआयच्या उलट असतो. कॅशमध्ये मावणाऱ्या छोट्या यादीतून आणि नंतर तिथे न मावणाऱ्या प्रचंड यादीतून त्याच प्रोग्रामने अस्ताव्यस्त क्रमाने आकडे वाचून पाहावेत. सूचनांचे मिश्रण जवळपास तेच राहते, सीपीआय मात्र कितीतरी पटींनी चढतो.