अंधुक छायाचित्रातील केसांचे पुनर्रंजन : एक तांत्रिक विवेचन

कमी उजेडात भ्रमणध्वनीने टिपलेल्या छायाचित्रात काळ्या केसांचा रंग बदलू गेल्यास केसांवर दाणे उठतात आणि तांबडे-हिरवे डाग दिसू लागतात. हा दोष टाळण्याची एक पद्धती प्रस्तुत लेखात मांडली आहे.

हा दोष दुहेरी आहे. दाणे हे उजेडातील सूक्ष्म चढउतार असतात. डाग हे रंगातील चढउतार असून ते आकाराने मोठे असतात. त्याचे एक कारण असे, की जेपेग स्वरूपात रंगाची नोंद बहुधा उजेडाच्या निम्म्या रुंदी-उंचीवर होते. म्हणून प्रथम चित्राचे १९७६ च्या 'लॅब' रंगपद्धतीत विभाजन करावे. त्यात L हा प्रकाशांश (० ते १००), तर a व b हे रंगांश होत.

काळ्या केसांच्या रंगांशात उपयुक्त माहिती जवळजवळ नसते; जे असते ते बहुतांशी डागच. संपृक्तता दुप्पट केली की डागही दुप्पट होतात. म्हणून मूळ रंगांश वाढवू नयेत, ते काढून टाकून त्यांच्या जागी इष्ट रंगाचे अंक ठेवावेत.

प्रकाशांशाचे मात्र तसे करता येत नाही, कारण केसांचा पोत त्यातच असतो. समजा, केसांचा L १० आहे, त्यातील चढउतार ३ आहे आणि गडद वाइन रंगासाठी L २० हवा आहे. सरसकट दोनने गुणल्यास चढउतार ६ होईल. त्याऐवजी कडा राखणाऱ्या गाळणीने L ची मऊ प्रत B तयार करावी, केवळ तीच उजळावी आणि उरलेला तपशील न वाढवता परत मिळवावा :

```
L' = f(B) + (L − B)
```

येथे f(१०) = २० धरल्यास उजेड दुप्पट होतो, दाणे मात्र ३ च्या आसपास राहतात.

नव्या रंगांशासाठी a = २०, b = ६ असे अंक मध्यम उजेडाच्या केसांना द्यावेत. सर्वत्र तेच अंक दिल्यास केस रंगवलेल्या पुठ्ठ्यासारखे दिसतात. म्हणून B नुसार गडद सावलीत व झळाळीत ते कमी करावेत; झळाळीचा रंग केसांपेक्षा दिव्याचा अधिक असतो. केसांची निवडही मूळ दाणेदार चित्रावरून न करता B वरून करावी व तिची कड मऊ ठेवावी, अन्यथा कडेला रंगाचे ठिपके पडतात.

परिणाम तपासताना चित्र १०० टक्के आकारात पाहावे आणि a व b स्वतंत्रपणे करड्या छटांत न्याहाळावेत. तेथे ढगाळ ठिपके दिसल्यास जुने रंगांश कुठेतरी शिल्लक आहेत, असे समजावे. केसांचे दाणे शेजारच्या त्वचेहून ठळक वाटल्यास (L − B) ला ०.७ ने गुणावे. मात्र त्यामुळे बारीक बटाही पुसट होतात, कारण दाणे व बटा यांचा आकार सारखाच असतो.

सारांश, ही पद्धती तपशील जपते, निर्माण करीत नाही. जेथे L शून्यावर पोहोचला आहे तेथे बटा नोंदल्याच गेलेल्या नसतात. त्यामुळे अशा छायाचित्रातून वाइन किंवा तपकिरी छटा साधता येते. सोनेरी केस मात्र विश्वसनीय दिसत नाहीत.